एमसीबी माणसाला वाचवत नाही

कारखान्यात पाळी सुरू होताना सुपरवायझर शिकाऊ मुलांना पाच-दहा मिनिटं गोळा करतो आणि त्या दिवसाच्या कामातला धोका समजावून सांगतो. याला ‘टूलबॉक्स टॉक’ म्हणतात. पावसाळ्यात विषय बहुधा विजेचा असतो आणि एखादा मुलगा हमखास विचारतो, “सर, शॉक बसला तर एमसीबी पडेलच ना?”

पडेलच असं नाही. साधं गणित करून पाहा. ओल्या हातांनी विजेला धरलं, तर शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. घरातल्या २३० व्होल्टला हजाराने भागलं की येतात ०.२३ अँपिअर. १६ अँपिअरच्या एमसीबीला एवढा प्रवाह जाणवतही नाही. माणसाची मूठ मात्र ०.०१ अँपिअरच्या आसपासच आवळून बसते आणि हातातली वस्तू सुटत नाही. त्याहून थोडा जास्त प्रवाह छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. एमसीबी वायरिंगच्या रक्षणासाठी असतो. माणसासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. तीही प्रवाह जमिनीकडे गळला तरच पडते. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरला, तर तिला काहीच कळत नाही.

आता धातूच्या बॉडीचा एक जुना ड्रिल घ्या. केबल मशीनमध्ये शिरते तिथेच ती रोज वाकते. आतली हिरवी अर्थिंगची तार तिथे तुटली तरी ड्रिल फिरतच राहतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पुढे त्याच जागी फेजचं आवरण झिजून तार बॉडीला टेकली, की अख्खी बॉडी ‘लाइव्ह’ होते. म्हणून काम सुरू करण्याआधी प्लग काढायचा, केबलवरून बोटं फिरवत ती जागा वाकवून बघायची. मल्टिमीटरचं एक टोक प्लगच्या जाड पिनला आणि दुसरं बॉडीच्या रंग नसलेल्या भागाला लावायचं. बीप आला नाही, किंवा केबल वाकवताना तुटक आला, तर मशीन बाजूला ठेवायचं. केबल फाटली असेल तर वर टेप गुंडाळून भागत नाही. टेपने तुटलेली तार जुळत नाही आणि तेल-पाण्यात तो सुटतो. केबलच बदलावी लागते.

बोर्डावर काम असेल तर मेन बंद करून कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. एवढ्यावरही विश्वास टाकायचा नाही, कारण इन्व्हर्टर मेन बंद असतानाही काही सर्किट चालू ठेवतो. म्हणून मीटर आधी चालू सॉकेटवर तपासायचा, मग कामाच्या तारांवर लावायचा आणि शेवटी पुन्हा त्याच चालू सॉकेटवर. मधल्या वेळी शून्य आणि दोन्ही बाजूंना २३० दिसले, तरच सप्लाय बंद आहे असं धरायचं. हात पुसून कोरडे करायचे आणि मगच तारेला बोट लावायचं.