क्लेमची नोंदवही

आरोग्यविम्याचा क्लेम अडतो तेव्हा वाद बहुतेकदा आजारावरून किंवा उपचारांवरून सुरू होत नाही. कोणता कागद कधी मागितला, तो कधी दिला आणि तो मिळाल्याचे कोणी मान्य केले, यावरून तो सुरू होतो. कंपनीकडे प्रत्येक फोनची आणि प्रत्येक कागदाची संगणकीय नोंद असते. विमाधारकाकडे बहुधा आठवण आणि फोनमध्ये विखुरलेले काही एसएमएस एवढेच असते. क्लेम दाखल झाल्या दिवसापासून ठेवलेली साधी नोंदवही ही तफावत बरीच कमी करते.

ज्या क्लेममध्ये रुग्णालयाचे बिल आधी स्वतः भरून नंतर पैसे मागितले जातात, त्यात या नोंदीची गरज सर्वांत जास्त असते. भारतात २०२० नंतर आरोग्य पॉलिसींमध्ये आलेल्या प्रमाणित कलमानुसार शेवटचे आवश्यक कागदपत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत कंपनीने क्लेम मंजूर किंवा नामंजूर करायचा असतो. उशीर झाल्यास तो कागद मिळाल्याच्या तारखेपासून पैसे देईपर्यंत बँक दरापेक्षा २ टक्के जास्त व्याज द्यावे लागते. नव्या पॉलिसींत मुदत याहून कमी असू शकते, म्हणून आपल्या पॉलिसीतला आकडा पाहून घ्यावा. या कलमानुसार मोजणी ‘शेवटचे आवश्यक कागदपत्र’ मिळण्यापासून सुरू होते आणि भांडण नेमके त्या तारखेवर होते. कंपनीने नवा कागद मागितला की घड्याळ पुन्हा शून्यावर येते. आधीच दिलेला कागद पुन्हा मागितला गेला, तर तो पूर्वीच पोचला होता हे दाखवण्याची वेळ विमाधारकावर येते.

समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. सांगलीतल्या एका कुटुंबात अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. रुग्णालय कंपनीच्या यादीत नव्हते, त्यामुळे १ लाख २८ हजार रुपये खिशातून भरावे लागले. ३ मार्च २०२५ रोजी फोनवरून कंपनीला रुग्णालयात दाखल झाल्याची सूचना दिली आणि सूचना क्रमांक मिळाला. १७ मार्चला मूळ बिले, डिस्चार्ज कार्ड आणि तपासण्यांचे अहवाल कुरियरने गेले व १९ मार्चला पोचले. २६ मार्चला कंपनीने ईमेलने रुग्णालयातले केसपेपर आणि ‘हा त्रास कधीपासून होता’ याबद्दल डॉक्टरांचे पत्र मागितले. २ एप्रिलला दोन्ही ईमेलने पाठवले गेले. २४ एप्रिलला पत्र आले की कागदपत्रांअभावी क्लेम बंद करण्यात येत आहे.

या कुटुंबाच्या वहीत मधल्या काळातली एक नोंद अशी होती: ‘९ एप्रिल, दुपारी ३.४० ते ३.५१. ग्राहकसेवेच्या क्रमांकावर आमच्याकडून फोन. प्रतिनिधीने नाव सांगितले, कर्मचारी क्रमांक सांगण्यास नकार दिला. २ एप्रिलच्या ईमेलमधले दोन्ही कागद दिसत आहेत, फाइल डॉक्टरांच्या तपासणीसाठी गेली आहे, असे सांगितले. सेवा विनंती क्रमांक दिला. आम्ही विचारले: आणखी काही हवे का? उत्तर: नाही.’ त्या दिवशी संध्याकाळीच कुटुंबाने कंपनीला ईमेल केला होता. फोनची वेळ, विनंती क्रमांक आणि प्रतिनिधीने सांगितलेले त्यात लिहून शेवटी म्हटले होते, ‘यात काही चूक असल्यास लेखी कळवावे.’ त्यावर ‘आपला ईमेल मिळाला’ एवढे आपोआप येणारे उत्तर आले, तेही जपून ठेवले गेले.

केवळ वहीतली नोंद ही शेवटी विमाधारकाचे स्वतःचेच म्हणणे असते. पण त्याच दिवशी पाठवलेल्या ईमेलवर कंपनीकडचा तारीख-वेळेचा शिक्का असतो, आणि तो वाद सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधीचा आहे. नंतर रचलेली गोष्ट म्हणून तो बाजूला सारता येत नाही. कंपनीने उत्तर दिले नाही म्हणजे सगळे मान्य केले, असा अर्थ मात्र आपोआप निघत नाही. तरीही ‘असा फोन झालाच नाही’ म्हणायचे, तर कंपनीला त्या वेळचे ध्वनिमुद्रण किंवा स्वतःची नोंद पुढे आणावी लागते. ‘हा फोन मुद्रित होत आहे’ असे कंपनी सुरुवातीलाच सांगते. म्हणून वादाची चाहूल लागताच ते मुद्रण जपून ठेवण्याची लेखी विनंती करावी आणि तीत दिनांक, वेळ व विनंती क्रमांक द्यावा. एवढा नेमका तपशील असेल तर मुद्रण शोधणे सोपे जाते.

या तारखांचा पैशांवर होणारा परिणामही पाहू. समजा, तक्रार केल्यावर कंपनीने १२ जूनला पूर्ण रक्कम दिली. शेवटचा कागद २ एप्रिलला पोचला असे ठरले, तर ७१ दिवसांचे व्याज लागू होते. बँक दर ६.५ टक्के धरला तर व्याजदर ८.५ टक्के होतो आणि १ लाख २८ हजारांवर साधारण २,११६ रुपये मिळतात. कागद २० मे रोजी पुन्हा मिळाले हे कंपनीचे म्हणणे टिकले, तर पैसे ३० दिवसांच्या आतच दिले असे ठरते आणि व्याज शून्य होते. रक्कम मोठी नाही. पण कागदांअभावी क्लेम बंद करणे योग्य होते की नव्हते, याचा निर्णयही याच तारखेवर अवलंबून असतो, आणि तिथे पूर्ण १ लाख २८ हजारांचा प्रश्न असतो.

वहीत सर्वांत जास्त गोंधळ क्रमांकांचा होतो. पॉलिसी क्रमांक, दाखल झाल्याच्या सूचनेचा क्रमांक, क्लेम क्रमांक, प्रत्येक फोनचा सेवा विनंती क्रमांक आणि तक्रारीचा क्रमांक हे सगळे वेगवेगळे असतात. डिस्चार्जनंतरच्या औषधांच्या बिलांना दुसरा क्लेम क्रमांक मिळू शकतो. कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी टीपीए संस्था मध्ये असेल, तर तिचे क्रमांक आणखी निराळे. त्यामुळे प्रत्येक क्रमांकापुढे तो कोणी दिला आणि कशासाठी दिला हे लिहावे. सेवा विनंती ‘निकाली काढली’ असा एसएमएस आला, तर त्याचा अर्थ फक्त त्या फोनला उत्तर दिले एवढाच असतो. क्लेमचा निर्णय झाला असे त्यातून ठरत नाही. अनेक लोक इथे फसतात आणि निर्णयाची वाट पाहत महिने घालवतात.

टीपीएशी झालेला पत्रव्यवहार वहीत वेगळा ओळखता आला पाहिजे. क्लेम मंजूर की नामंजूर हे ठरवण्याची जबाबदारी विमा कंपनीची असते, आणि विमा लोकपालाकडे जाण्याआधी तक्रार लेखी स्वरूपात कंपनीकडे केलेली असावी लागते. टीपीएला पाठवलेल्या दहा ईमेल त्या एका तक्रारीची जागा घेऊ शकत नाहीत. एजंटाला व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या कागदांनाही कंपनीची पोचपावती समजू नये.

ईमेल पाठवला म्हणजे पोचला असेही नाही. स्कॅन केलेले केसपेपर जड असतात आणि मर्यादेपेक्षा मोठा ईमेल परत येतो. परतीची सूचना कित्येकदा स्पॅममध्ये पडून राहते. उत्तर स्वीकारत नाही अशा पत्त्यावर पाठवलेले उत्तर कोणी वाचत नाही. पाठवल्यानंतर दोन दिवसांत पोचपावती आली नाही, तर फोन करून जोडलेल्या फाइली दिसतात का हे विचारावे आणि ते उत्तरही टिपावे. संकेतस्थळावर कागद चढवल्यास पोचपावतीच्या क्रमांकासह पडद्याचे छायाचित्र लगेच काढावे, कारण क्लेम बंद झाल्यावर ते पान दिसेलच याची खात्री नसते. ईमेलची फक्त छापील प्रत पुरेशी मानू नये. मूळ ईमेल खात्यात तसाच ठेवावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात देताना प्रमाणपत्राची तरतूद आहे. मूळ ईमेल हाताशी असेल, तर गरज पडल्यास ते देता येते.

नोंद त्याच दिवशी लिहावी आणि नंतर तिच्यात फेरफार करू नये. चूक आढळली तर खाली तारीख घालून दुरुस्ती लिहावी. प्रतिनिधी उद्धट होता, कंपनीला पैसे द्यायचेच नाहीत, असे शेरे वहीत नकोत, कारण हीच वही उद्या दुसऱ्या कोणाला वाचायला द्यायची असते. आपल्याला अडचणीची वाक्येही टिपायला हवीत. ‘सहा महिन्यांपूर्वीही पोटात दुखले होते’ असे फोनवर सांगून गेले असेल, तर ते कंपनीच्या मुद्रणात आहेच. वहीतून ते गाळले, तर बाकीच्या नोंदींवरचाही विश्वास उडतो. आणि पॉलिसीत नसलेला हक्क कितीही चांगल्या नोंदीने मिळत नाही. प्रतीक्षा कालावधीत वगळलेल्या आजारासाठी प्रतिनिधीने फोनवर ‘मिळेल’ म्हटले, तरी करारातले कलम त्याने बदलत नाही.

तक्रार पुढे नेताना वहीतल्या तारखांवरच मुदती मोजल्या जातात. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. कंपनीने ती नाकारली, समाधानकारक उत्तर दिले नाही किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी नकारापासून, किंवा उत्तर न मिळता महिना उलटल्यापासून, एक वर्षाची मुदत आहे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. तिथे शुल्क नाही आणि वकील लावता येत नाही, म्हणून स्वतःच्या कागदांची मांडणी तिथे फार महत्त्वाची ठरते. ग्राहक आयोगात जायचे असेल, तर तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. नकारानंतर कंपनीला स्मरणपत्रे पाठवत राहिल्याने ती वाढते, असे समजणे धोक्याचे आहे. म्हणून नकाराचे पत्र ज्या दिवशी हातात आले, तो दिवस वहीत ठळक लिहावा आणि पाकीटही जपावे.

सुनावणीला मात्र पूर्ण वही देऊ नये. तिच्यातून एका पानाचा घटनाक्रम काढावा: डावीकडे तारीख, मध्ये एका ओळीत घटना, उजवीकडे पुराव्याच्या कागदाचा क्रमांक. सांगलीच्या उदाहरणात अशा आठ-नऊ ओळी पुरतात. २ एप्रिलच्या ओळीपुढे ईमेल व त्याची पोचपावती, ९ एप्रिलपुढे त्याच संध्याकाळचा ईमेल, २४ एप्रिलपुढे कंपनीचे पत्र. ज्या ओळीपुढे कागद नाही, तिथे ‘फक्त नोंद’ असे लिहावे. मूळ वही आणि मूळ ईमेल सोबत ठेवून मागितल्यावर दाखवावेत, आणि निकाल लागून पैसे खात्यात जमा होईपर्यंत त्यांतले काहीही काढून टाकू नये.