घर रंगवताना – भाग ६
राखाडी कोणता, पिवळा कोणता?

गेल्या रविवारी नाशिकहून वहिनींनी दोन फोटो पाठवले. हॉलसाठी दोन शेड निवडल्या होत्या. सॅम्पलच्या छोट्या डब्या आणून दोन पुठ्ठ्यांवर रंगाचे दोन-दोन हात मारले होते आणि मागे पेन्सिलीने ‘अ’ आणि ‘ब’ लिहिलं होतं. ‘अ’चा फोटो सकाळी खिडकीपाशी काढलेला, ‘ब’चा रात्री हॉलमधल्या पिवळ्या दिव्याखाली. सोबत निरोप होता : “भाऊजी, अ राखाडी वाटतो, ब फारच पिवळा. मग अ घेऊ ना?”

दोन फोटो दोन वेगळ्या उजेडातले असले की त्यांची तुलना अशी थेट करता येत नाही. हॉलमधला पिवळा दिवा साधारण 2700 केल्विनचा असतो आणि त्याच्या उजेडात निळा भाग कमी असतो. ऊन थेट येत नसलेल्या खिडकीतून आकाशाचा उजेड येतो, तो 6500 च्याही पुढे जातो आणि त्यात निळा भरपूर असतो. म्हणजे तोच पुठ्ठा सकाळी निळसर आणि रात्री पिवळा दिसणार. त्यात फोनचा कॅमेरा आपल्या परीने व्हाइट बॅलन्स सुधारतो, पण किती सुधारला ते सांगत नाही. रात्रीचा पिवळेपणा तो बहुधा अर्धवटच काढतो.

यावर उपाय एकच. प्रत्येक फोटोत पुठ्ठ्याला अगदी चिकटून एक अशी पांढरी वस्तू ठेवायची, जी दोन्ही उजेडांत खरोखर पांढरीच असते. बहुतेक लोक कागद ठेवतात. पण छपाईच्या कागदात चकाकी आणणारं द्रव्य असतं. दिवसाच्या उजेडातले अतिनील किरण शोषून ते निळसर उजेड बाहेर टाकतं आणि रात्री एलईडीखाली तसं करत नाही. मापाची पट्टीच लांब-आखूड होत असेल तर मोजायचं कशानं? त्यापेक्षा नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप बरी. ती पातळ असते, तिच्यातून आरपार दिसतं, म्हणून आठ-दहा पदर एकावर एक घ्यायचे.

वहिनींना मी दोन्ही फोटो तिथेच, त्याच वेळी, टेप ठेवून पुन्हा काढायला सांगितले. फोनमधलं एचडीआर बंद करायचं, कारण ते एकाच फोटोतले उजळ-गडद भाग वेगवेगळे हाताळतं. टेपवर बोट दाबून धरून एक्स्पोजर लॉक करायचं आणि टेप पांढरीफटक होणार नाही इतकं कमी ठेवायचं. टेपचे आकडे 255 ला भिडले की फोटो वाया गेला, कारण त्यापुढचं काही कॅमेऱ्याला कळलेलंच नसतं.

फोटो आले. रंग उचलणाऱ्या साध्या ॲपवर लाल, हिरवा, निळा असे आकडे पाहिले. सकाळी टेप 225, 230, 240 होती आणि पुठ्ठा ‘अ’ 198, 193, 187. रात्री टेप 240, 220, 180 आणि पुठ्ठा ‘ब’ 211, 191, 149. नुसते पुठ्ठ्यांचे आकडे पाहिले तर वहिनींचं म्हणणं पटतं. ‘ब’मध्ये निळा खूपच कमी आहे, म्हणजे तो पिवळा. पण आता प्रत्येक पुठ्ठ्याला त्याच्याच टेपने भागू. लाल दोघांचा टेपच्या 88 टक्के. निळा मात्र ‘अ’चा 78 टक्के आणि ‘ब’चा 83. म्हणजे खरा पिवळा ‘अ’च! ‘ब’ त्याच्यापेक्षा राखाडीकडे झुकलेला. सकाळच्या निळसर उजेडानं ‘अ’चा पिवळेपणा झाकला होता आणि रात्रीच्या दिव्यानं ‘ब’वर नसलेला पिवळेपणा चढवला होता.

हाच हिशोब उलटा फिरवता येतो. ‘अ’ रात्री त्याच दिव्याखाली ठेवला तर त्याचा निळा 180 च्या 78 टक्के, म्हणजे 140 च्या आसपास यायला हवा. वहिनींनी तो फोटोही काढला. आला 136. हा फरक हिशोबाच्या चुकीचा नाही. दोन रंगद्रव्यं आकाशाच्या उजेडात एकसारखी दिसूनही एलईडीखाली वेगळी पडू शकतात, कारण एलईडीच्या उजेडात काही छटा भरपूर आणि काही तुटपुंज्या असतात. टेपनं हे सुधारत नाही. त्यामुळे टेपच्या हिशोबानं उमेदवार गाळायचे आणि शेवटचे एक-दोन मात्र त्या खोलीत, त्या दिव्याखाली, डोळ्यांनीच बघायचे. पुठ्ठा भिंतीवर उभा धरायचा, टेबलावर आडवा नाही. आडव्या पुठ्ठ्यावर छताचा उजेड पडतो, भिंतीवर तसा पडत नाही.

आणखी एक गोष्ट पुठ्ठा सांगत नाही. चार भिंती एकाच रंगाच्या झाल्या की प्रत्येक भिंतीचा उजेड समोरच्या भिंतीवर पडतो आणि रंग पुठ्ठ्यापेक्षा गडद व चटक दिसतो. म्हणून पेंटर लोक शेड कार्डावर एक पायरी फिकी घ्या म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात.

वहिनींच्या हॉलमध्ये सकाळी कोणी नसतं. दादा साडेसातला निघतात, मुलं शाळेत, आणि सगळे जमतात ते संध्याकाळी दिवे लागल्यावर. पिवळ्या दिव्याखाली ‘अ’ आणखी पिवळा होणार होता. वहिनींनी ‘ब’ घेतला, एक पायरी फिका.

पुढच्या भागात : ओल आलेल्या भिंतीवर पुट्टी का टिकत नाही.