एका स्कॅनमधले चार फोटो वेगळे करताना

आज जुन्या फोटोंबद्दल बोलायचं आहे. आमच्या गटाने जुने फोटो एकत्र करून कॉम्प्युटरवर उतरवायचं ठरवलं, तेव्हा एका ताईने तिच्या आईचा फोटो आणला. घरात आईचा तेवढा एकच. काळा-पांढरा, चारी बाजूंनी पांढरी किनार, मालवणच्या किनाऱ्यावर उभी असलेली आई, अंगावर पांढरं लुगडं आणि मागे पावसाळी पांढुरकं आभाळ. आम्ही तो बाकीच्या तीन फोटोंबरोबर स्कॅनरच्या काचेवर ठेवला आणि चारही फोटो आपोआप वेगळे करायला प्रोग्रामला सांगितलं. चार फायली झाल्याही. पण आईच्या फोटोची किनार गेली, आभाळ गेलं आणि उजव्या बाजूने अर्धं लुगडंही कापलं गेलं. ताई म्हणाली, "गो, माझ्या आवशीचो पदर खंय गेलो?"

मूळ फोटो हातात होता आणि पूर्ण स्कॅनही आम्ही जपून ठेवलं होतं, म्हणून काही बिघडलं नाही. पण हे का झालं ते कळलं, तर तुमच्याकडे होणार नाही.

कॉम्प्युटरला फोटो दिसत नाही, रंगांचे ठिपके दिसतात. स्कॅनरचं झाकण आतून पांढरं असतं. प्रोग्राम धरून चालतो की हा सगळीकडे पसरलेला सारखा रंग म्हणजे रिकामी जागा, आणि त्याहून वेगळे ठिपके जिथे सलग जमले तो फोटो. धुळीएवढे बारीक पुंजके तो सोडून देतो. मोठ्या पुंजक्याच्या कडा कुठल्या बाजूला कललेल्या आहेत ते मोजतो, तेवढं उलट फिरवून पुंजका सरळ करतो, आणि कडेने कापून वेगळा काढतो. आता पांढरी किनार पांढऱ्या झाकणावर ठेवली तर त्याला किनार कशी कळणार? आमच्या फोटोत किनार, आभाळ आणि लुगडं, तिन्ही त्याने "रिकामी जागा" धरली.

उपाय दहा रुपयांचा. काळा, चमक नसलेला कार्डपेपर आणा. फोटो काचेवर उलटे ठेवून झाले की वरून हा कागद घाला आणि मग झाकण लावा. कागदाने वाकडे झालेले फोटोही दाबले जातात. वर आलेल्या कोपऱ्याची सावली पडते आणि ती सावलीही प्रोग्राम फोटोतच धरतो, म्हणून हे दाबणं कामाचं. मात्र काळोख्या कडांचे फोटो, रात्रीच्या लग्नाचे वगैरे, काळ्या कागदावर हरवतात. त्यांना पांढरं झाकणच बरं. म्हणून आधी दोन ढीग करा: पांढऱ्या किनारीचे एकीकडे, काळ्या कडांचे दुसरीकडे. हे दोन एकाच स्कॅनमध्ये मिसळू नका.

मग मांडणी. दोन फोटोंमध्ये कमीत कमी तीन मिलिमीटर जागा हवी असं सांगतात, मी बोटभर ठेवते. फोटो एकमेकांना टेकले तर प्रोग्रामला दोघांचा एकच पुंजका दिसतो. काचेच्या अगदी कडेलाही चिकटवू नका, बऱ्याच स्कॅनरना कडेची बारीक पट्टी वाचता येत नाही. साध्या स्कॅनरची काच ए-फोर कागदाएवढी, म्हणजे २१ बाय २९.७ सेंटीमीटर. जुने ९ बाय १३ सेंटीमीटरचे चार फोटो तिच्यावर आरामात बसतात. पण आजकालचे १० बाय १५ वाले चार बसवायला जाल तर फसाल, कारण १५ दुणे ३० होतात. त्या आकाराचे दोनच ठेवा, आडवे, एकाखाली एक.

फोटो ठेवताना जमेल तितके सरळ ठेवा. प्रोग्राम सरळ करतो हे खरं, पण फिरवताना ठिपके पुन्हा जुळवावे लागतात आणि फोटो किंचित मऊ, म्हणजे थोडा पुसट होतो. थोडा कल चालतो. फार तिरका ठेवलात तर तो आडवा होऊन बाहेर येईल, कारण डोकं कुठे आणि पाय कुठे हे त्याला कळत नाही. तो सरळ करतो ती कागदाची कड. फोटो काढतानाच समुद्र तिरका आला असेल तर तो तिरकाच राहणार.

आपल्याकडे एक गोष्ट सांभाळायची: पावसाळ्यात दमट झालेला फोटो काचेवर ठेवू नका. तौक्ते वादळात, मे २०२१ मध्ये, आपल्या किनारपट्टीवर कितीतरी घरांत पाणी शिरलं. भिजलेल्या फोटोवरचा थर मऊ होतो आणि काचेला चिकटतो. सावलीत पूर्ण वाळवून मगच ठेवा. प्लास्टिकखाली चिकट पानाला धरून बसलेले फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. त्या पानांवर चमक आणि रेषा असतात, तिथे आपोआप कापणं जमत नाही, हाताने कापावं लागतं.

स्कॅन करताना ३०० डीपीआय निवडा. मग १० बाय १५ चा फोटो साधारण १२०० बाय १८०० ठिपक्यांचा येतो आणि तेवढ्याच आकारात छापायला पुरतो. मोठा करून भिंतीवर लावायचा असेल तर ६००. नंतर वाढवून तपशील येत नाहीत, म्हणून हे आधीच ठरवा.

आता कापणं. बऱ्याच फोटो स्टुडिओत फोटोशॉप असतं. त्यात स्कॅन उघडून `File > Automate > Crop and Straighten Photos` निवडा. प्रत्येक फोटो वेगळ्या खिडकीत उघडतो. त्या खिडक्या आपोआप जतन होत नाहीत, एकेक सेव्ह करावी लागते. मी पहिल्या दिवशी तेच विसरले आणि सगळं पुन्हा केलं. गिम्प हा फुकट प्रोग्राम आहे, पण त्यात हे करायला जोडणी वेगळी बसवावी लागते. काही स्कॅनरच्या स्वतःच्या प्रोग्राममध्येही फोटो वेगळे करायची सोय असते, आधी तिथे पाहा.

झालं की मोजा. काचेवर चार ठेवले होते तर चार फायली आल्या का? तीन आल्या आणि एक दुप्पट मोठी असेल, तर दोन फोटो टेकले होते. पाच आल्या आणि एखादी चिंचोळी पट्टी असेल, तर मध्ये पांढरा भाग असलेला एक फोटो दोन तुकड्यांत गेला. मग प्रत्येक फाईल मूळ फोटोशेजारी धरून चारही कडा बघा. किनार गेली की आतलंही काही गेलं असेल असा संशय घ्या. एखादा चुकलाच तर फोटोशॉपमध्ये त्या एकाच फोटोभोवती, थोडी मोकळी जागा सोडून, चौकट आखा आणि ऑल्ट बटण दाबून तोच आदेश द्या. तेवढाच फोटो वेगळा निघतो.

क्रम मात्र प्रोग्राम पाळत नाही. काचेवरचा पहिला फोटो पहिली फाईल होईलच असं नाही. म्हणून फोटोच्या मागे, कोपऱ्यात, मऊ शिसपेन्सिलने हलक्या हाताने आकडा घाला. पेन नको, शाई पुढे उमटते. मागे काही लिहिलेलं असेल तर तीही बाजू स्कॅन करा आणि पुढच्या बाजूला `05a.jpg`, मागच्या बाजूला `05b.jpg` असं नाव द्या. पूर्ण स्कॅन पुसू नका, ती तशीच वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

ताईच्या आईचा फोटो आम्ही काळा कागद घालून दुसऱ्यांदा केला. पांढरी किनार चारी बाजूंनी आली आणि पदरही पूर्ण आला. मागची बाजू स्कॅन केली तेव्हा कळलं, की पेन्सिलीने लिहिलेलं फिकट साल स्क्रीनवर मोठं करून वाचता येतंय. घरात ते आजवर कुणाला वाचता आलं नव्हतं.