शार्प गुणोत्तर आणि न आलेला महिना : लेखांक सातवा

मागील लेखांकात शार्प गुणोत्तराची मांडणी आपण पाहिली : जोखीमरहित व्याजाहून अधिक जो परतावा पदरी पडला त्याचे मध्यमान घ्यावयाचे आणि त्याच परताव्याच्या प्रमाण विचलनाने त्यास भागावयाचे. विल्यम शार्प यांनी १९६६ साली हे माप पुढे ठेविले तेव्हा त्यांच्यासमोर जे म्युच्युअल फंड होते ते मुख्यत्वे शेअर बाळगणारे होते, आणि त्यांचे परतावे मध्यमानाच्या दोन्ही अंगांस स्थूलमानाने सारखेच पसरलेले असत. जेथे हा सारखेपणा नाही, जेथे नफा लहान व नित्याचा आणि तोटा क्वचित परंतु प्रचंड असतो, तेथे हेच माप कसे फसते, हा आजचा विषय आहे.

एमआयटीचे प्राध्यापक अँड्र्यू लो यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात 'कॅपिटल डेसिमेशन पार्टनर्स' नावाच्या काल्पनिक फंडाचा जमाखर्च दिला आहे. फंड काल्पनिक असला तरी त्याचे आकडे अमेरिकन बाजाराच्या प्रत्यक्ष भावांवरून काढलेले आहेत. जानेवारी १९९२ ते डिसेंबर १९९९ या ९६ महिन्यांत त्याचे मासिक मध्यमान ३.७ टक्के येते, आणि वार्षिक शार्प गुणोत्तर १.९४ येते, जेव्हा त्याच काळात खुद्द एस अँड पी ५०० निर्देशांकाचे गुणोत्तर ०.९८ होते. निर्देशांकास ९६ पैकी ३६ महिने तोटा झाला, या फंडास अवघे ६. असा तक्ता कोणत्याही विश्वस्त मंडळापुढे ठेवला तर निधी त्याच्या स्वाधीन करण्यास कोणी फारशी हरकत घेईल, असे मला वाटत नाही.

या फंडाचा व्यवसाय एवढाच, की निर्देशांकाच्या चालू पातळीहून सुमारे ७ टक्के खालचे पुट ऑप्शन विकावयाचे आणि प्रीमियम खिशात घालावयाचा. पुट विकणारा हा बाजाराच्या पडझडीविरुद्ध दुसऱ्यास विमा देणारा असतो. पडझड न झाल्यास हप्ता त्याचा, झाल्यास भरपाई त्याच्या शिरावर. यात बाजाराविषयी विशेष ज्ञान असण्याची मुळीच आवश्यकता नाही, आणि लो यांचा रोख नेमका तेथेच आहे : कौशल्याचा लवलेश नसता गुणोत्तर निर्देशांकाच्या दुप्पट दिसते.

हे कसे घडते, ते लहान रकमांवर करून पाहू. समजा, १०० रुपयांच्या भांडवलावर एक विक्रेता नित्याच्या महिन्यात, व्याज वजा जाता, सरासरी १ रुपया मिळवितो आणि त्या मिळकतीत दीड रुपयाचे प्रमाण विचलन आहे; परंतु ५० महिन्यांत सरासरी एक महिना असा येतो की त्यात ४० रुपये जातात. पहिल्या ३६ महिन्यांत तो महिना न येण्याची संभाव्यता सुमारे ४८ टक्के आहे, म्हणजे जवळजवळ निम्म्या विक्रेत्यांची तीन वर्षांची वही निष्कलंक राहणार. त्या वहीवरून मासिक गुणोत्तर १ भागिले १.५, म्हणजे ०.६७ येते, आणि १२ च्या वर्गमुळाने गुणून ते वार्षिक केले की २.३ होते. आता वाईट महिनाही त्याच्या योग्य प्रमाणात हिशेबी धरा. मध्यमान १ रुपयावरून १८ पैशांवर येते, प्रमाण विचलन दीड रुपयावरून ५.९ रुपयांवर जाते, आणि वार्षिक गुणोत्तर उरते केवळ ०.१. व्यवसाय तोच आणि माणूसही तोच. फरक एवढाच की एका हिशेबात तो महिना आला आहे आणि दुसऱ्यात अद्याप यावयाचा आहे.

याहून चिंताजनक गोष्ट पुढे आहे. तो महिना ५० मध्ये एकदा न येता ४० मध्ये एकदा येतो असे मानले, तर मध्यमान शून्याखाली जाते. हा धंदा दीर्घकाळात तोट्याचा ठरतो. आणि तरीही ३६ महिने निर्वेध जाण्याची संभाव्यता ४० टक्के राहतेच. म्हणजे किफायतशीर विक्रेता कोणता आणि दिवाळ्याच्या वाटेवरचा कोणता, हे तीन वर्षांच्या वहीवरून ओळखता येत नाही, कारण ज्या एका आकड्यावर सर्व निर्णय अवलंबून आहे, तो आकडा वहीत नसतोच.

येथवरचा दोष अपुऱ्या नमुन्याचा झाला, आणि कोणी म्हणेल की वही पुरेशी लांब असली म्हणजे तो निवारेल. परंतु या मापात एक दोष असा आहे की जो संपूर्ण माहिती हाती असतानाही राहतो. प्रमाण विचलन हे मध्यमानापासूनच्या अंतराचे माप आहे. ते अंतर नफ्याच्या दिशेस आहे की तोट्याच्या, याची ते विचारपूस करीत नाही. एखाद्या फंडाचे चार सारखेच संभवनीय परतावे उणे १, १, २ आणि ३ टक्के असतील तर गुणोत्तर ०.८५ येते. त्यातील ३ च्या जागी १५ घाला. कोणाचेही काही वाईट झाले नाही, उलट लाभच झाला, तथापि गुणोत्तर ०.६७ वर उतरते. मोठ्या लाभास हे माप दंड करते. मग ज्यास गुणोत्तरच वाढवावयाचे आहे त्याने काय करावे? आपला मोठा लाभ कॉल ऑप्शनच्या रूपाने दुसऱ्यास विकून टाकावा, दूरच्या पडझडीचे पुटही विकावे, आणि त्या प्रीमियमने रोजचे मध्यमान फुगवावे. गोएत्झमन, इंगरसोल, स्पीगल आणि वेल्च या चार अभ्यासकांनी गणिताने नेमके हेच दाखविले, की ज्या परताव्याचे उजवे अंग छाटलेले व डावे लांबलेले आहे तोच शार्प गुणोत्तर कमाल करतो. ऑप्शनविक्रीस हे माप अनुकूल ठरते ते योगायोगाने नव्हे. मापाच्या घडणीतच तो पक्षपात आहे.

मासिक आकडे आणखी एक गोष्ट झाकतात, आणि तिचा पुरावा लो यांच्या काल्पनिक फंडाच्याच काळात प्रत्यक्ष घडला. व्हिक्टर नीडरहॉफर हे त्या काळचे नामांकित सट्टेबाज. १९९७ साली थायलंडच्या बाजारात त्यांना आधीच मोठा तोटा झाला होता, आणि त्यांच्या फंडाने एस अँड पीचे पुट विकलेले होते. २७ ऑक्टोबर रोजी निर्देशांक एका दिवसात सुमारे ७ टक्के कोसळला, मार्जिनची मागणी पुरी करणे अशक्य झाले आणि फंड संपुष्टात आला. दुसऱ्याच दिवशी निर्देशांक ५ टक्क्यांनी सावरला, आणि संपूर्ण महिन्याचा हिशेब करता त्याची घट साडेतीन टक्क्यांच्या आसपासच होती. महिनाअखेरीच्या तक्त्यात हा प्रसंग एक सामान्य वाईट महिना म्हणून नोंदला जातो. पण महिनाअखेरपर्यंत तग धरण्याइतकी रोकड विक्रेत्यापाशी असावी लागते, आणि शार्प गुणोत्तरात रोकडीचा रकाना नाही.

म्हणून ऑप्शन विकणाऱ्याच्या फंडाचा तक्ता समोर आला, तर गुणोत्तरापूर्वी त्याच्या आजच्या उभ्या सौद्यांची यादी मागावी, आणि त्या यादीवर निर्देशांक एका दिवसात १३ टक्के पडला असे धरून तोटा काढावा. हा आकडा कल्पनेचा नाही; २३ मार्च २०२० रोजी निफ्टी जवळजवळ तितकाच पडला होता. हिशेब करताना ऑप्शनचा भाव केवळ निर्देशांकाच्या घसरणीने वाढेल असे न धरता, अशा दिवशी बाजाराची अस्थिरताही उसळते आणि दूरचे पुट त्यामुळे कितीतरी पटींनी महाग होतात, हेही त्यात मिळवावे. येणाऱ्या तोट्यास सरासरी मासिक प्रीमियमने भागले की किती महिन्यांची मिळकत एका दिवसात जाईल ते कळते. तो भागाकार ४० च्या घरात आला आणि फंडाची वही ३६ महिन्यांचीच असली, तर तिच्या पहिल्या पानावर छापलेले २.३ हे गुणोत्तर कोणत्याही निर्णयाचा आधार मानू नये.