सामाईक दिवस : खांब मोजायचे की गाळे?

गेल्या वेळी आपण कालखंड ही कल्पना तत्त्वज्ञांच्या बाजूने पाहिली. आज तिला जरा कचेरीत घेऊन जाऊ. प्रश्न साधा आहे. दोन माणसांच्या रजा, किंवा एकाच खोलीची दोन आरक्षणं, एकमेकांवर आली तर त्यांच्यात नेमके किती दिवस सामाईक आहेत? कॅलेंडरवर बोट ठेवून मोजता येईल हे खरं. पण दोन अर्ज असतात तेव्हा बोट पुरतं. चाळीस अर्ज आले की नियम लागतो. आणि या नियमात एका दिवसाची चूक फार सहज होते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका महाविद्यालयात दोनच प्राध्यापकांचा विभाग आहे. पहिल्यांची रजा १२ एप्रिल ते ३ मे, दुसऱ्यांची २८ एप्रिल ते १६ मे. विभागाने ठरवलंय की दोघंही एकाच वेळी पाचपेक्षा जास्त दिवस गैरहजर नसावेत, कारण तेव्हा उत्तरपत्रिका तपासायला कोणीच उरत नाही. रजा मंजूर करायची का?

आता आपली सवय अशी की प्रकार पाडायचे. पहिली रजा दुसरीच्या पोटात आहे का, मागून येऊन अर्धवट शिरली आहे का, दोन्ही एकाच दिवशी सुरू होतात का, वगैरे. संगणकशास्त्रज्ञ जेम्स ॲलन यांनी १९८३ साली दोन कालखंडांमध्ये असे तेरा संबंध संभवतात हे मांडून दाखवलं. ते वर्गीकरण मोलाचं आहे, पण आपल्याला फक्त दिवस मोजायचेत. त्यासाठी तेरा दारं ठोठवायची गरज नाही.

आपण प्रश्न रजेला न विचारता एकेका दिवसाला विचारू. एखादा दिवस सामाईक कधी असतो? दोन्ही रजा सुरू झालेल्या असतील आणि दोन्हींपैकी एकही संपलेली नसेल तेव्हा. दोन्ही सुरू झाल्यात म्हणजे उशिरा सुरू होणारीसुद्धा सुरू झालीय. एकही संपलेली नाही म्हणजे लवकर संपणारीसुद्धा अजून चालू आहे. झालं! सामाईक भाग दोन आरंभांपैकी नंतरच्या आरंभाला सुरू होतो आणि दोन शेवटांपैकी आधीच्या शेवटाला संपतो. तेराही प्रकारांना हेच लागू.

आपल्या उदाहरणात नंतरचा आरंभ २८ एप्रिल, आधीचा शेवट ३ मे. आता वजाबाकी करा. २८ एप्रिलपासून ३ मेपर्यंत पाच येतात. म्हणजे पाच दिवस, नियमात बसतं, मंजूर? थांबा, बोटावर मोजू: २८, २९, ३०, १, २, ३. सहा. रजा नियमाबाहेर जाते.

हा एक दिवस कुठून आला? जुन्या वाड्याची ओसरी आठवा. सहा खांब असले की त्यांच्यामध्ये गाळे पाचच असतात. वजाबाकी गाळे मोजते, म्हणजे एका तारखेपासून दुसरीपर्यंत किती पावलं टाकावी लागतात ते. रजेत मात्र प्रत्येक तारीख हा एक खांब आहे. पहिलाही दिवस रजेचा आणि शेवटचाही. म्हणून वजाबाकीत एक मिळवायचा. स्प्रेडशीटमध्ये A2 आणि B2 मध्ये पहिल्या रजेचे आरंभ-शेवट, C2 आणि D2 मध्ये दुसरीचे ठेवले, तर सूत्र असं होतं:

```
=MAX(0, MIN(B2,D2) - MAX(A2,C2) + 1)
```

बाहेरचं `MAX(0, ...)` कशासाठी? समजा दुसरी रजा १० मे ते २० मे आहे. ३ मधून १० गेले, उणे सात. एक मिळवला, उणे सहा. सामाईक दिवस उणे असू शकत नाहीत, म्हणून शून्य धरायचं. पण ते उणे सहा निरर्थक नाही हं. ४ मे ते ९ मे हे सहा दिवस दोन्ही रजांच्या मधली मोकळी जागा आहे. तेच सूत्र, चिन्ह बदललं की छेदाऐवजी अंतर सांगतं.

आता विश्रामगृहाकडे वळू. एका पाहुण्यांची खोली २८ एप्रिल ते ३ मे, दुसऱ्यांना हवीय ३ मे ते ६ मे. रजेचं सूत्र लावलं तर उत्तर एक येतं आणि व्यवस्थापक म्हणतो, ‘खोली रिकामी नाही.’ वास्तविक पहिले ३ तारखेला सकाळी जातात, दुसरे दुपारी येतात. इथे विकली जाते ती रात्र, आणि रात्र म्हणजे दोन तारखांमधला गाळा. पहिल्यांच्या रात्री पाच आहेत आणि ३ मेची रात्र त्यांत नाही. म्हणून आरक्षणासाठी `+ 1` काढून टाकायचा. उत्तर शून्य येतं, दुसऱ्यांनाही खोली मिळते. उलट, हे आरक्षणाचं सूत्र रजेला लावलं तर ज्या दोन रजांत नेमका एकच दिवस सामाईक आहे तिथे शून्य दिसेल, आणि त्या दिवशी विभागाला कुलूप असेल.

तेव्हा खरा प्रश्न गणिताचा नाही, ‘पर्यंत’ या शब्दाचा आहे. ‘३ मेपर्यंत’ मध्ये ३ मे धरला की नाही? कायद्यालाही हे सांगून ठेवावं लागलं. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या नवव्या कलमानुसार, केंद्रीय कायद्यांच्या भाषेत ‘पासून’ म्हटलं की पहिला दिवस वगळला जातो आणि ‘पर्यंत’ म्हटलं की शेवटचा धरला जातो. आपल्या रजेच्या अर्जात तर पहिलाही धरतात. शिवाय एकजण रजेचा शेवटचा दिवस लिहितो, दुसरा कामावर रुजू होण्याची तारीख लिहितो. हे दोन अर्ज एका तक्त्यात आले की सूत्र बरोबर आणि उत्तर चूक. आधी रुजू होण्याच्या तारखेतून एक दिवस वजा करून सगळे अर्ज एका रीतीवर आणावेत, मग सूत्र लावावं. सुट्ट्या वगळायच्या असतील तर त्याही सामाईक भागाची दोन टोकं सापडल्यावरच.

शेवटी एक सापळा. तारीख कधीकधी तारीख नसते, नुसता मजकूर असतो. महिना आधी लिहिण्याच्या अमेरिकी मांडणीवर असलेल्या संगणकात `28/04/2025` टाकलं तर अठ्ठाविसावा महिना नसल्याने तो ते मजकूर म्हणून ठेवतो. `MIN` आणि `MAX` अशा चौकटीकडे तक्रार न करता दुर्लक्ष करतात. समजा आपल्या उदाहरणात बाकी तिन्ही तारखा बरोबर आहेत आणि फक्त C2 मध्ये असा मजकूर आहे. मग आरंभ १२ एप्रिलच धरला जातो आणि उत्तर येतं बावीस. ओळखायचं कसं? मजकूर आपोआप चौकटीच्या डाव्या कडेला जातो, खरी तारीख उजव्या. खात्रीसाठी `=ISNUMBER(C2)` विचारावं. `FALSE` आलं की ती तारीख नव्हे.

आणि नवा तक्ता हाती आला की दोन जोड्या घालून बघाव्यात: एक, जिथे पहिलीचा शेवट आणि दुसरीचा आरंभ एकाच तारखेला आहे, दुसरी, जिथे तो दुसऱ्या दिवशी आहे. रजेसाठी उत्तरं एक आणि शून्य यायला हवीत. खोलीसाठी दोन्ही वेळा शून्य. ती तशी आली तर तक्ता खांब मोजतोय की गाळे, हे आपल्याला कळलं.