वीसपैकी तेरा

बारावीच्या इतिहासाच्या उत्तरपत्रिकांत काही निबंध असे निघतात की माहिती बिनचूक, सनावळी चोख, भाषा नेटकी आणि तरी गुण वीसपैकी तेरा. समासात नुसतं ‘विश्लेषण कमी’ असं लिहिलं, तर मूल त्याचा अर्थ ‘अजून लिही’ असा घेतं आणि पुढच्या निबंधात माहितीचीच दोन पानं वाढतात. म्हणून अशा निबंधाला मी वेगळी चिठ्ठी जोडते आणि तिच्यात निबंधातलंच एखादं वाक्य पकडून बोलते.

अलीकडच्या एका निबंधाचा प्रश्न होता : ‘१८७५चे दख्खनचे दंगे हा सावकारांवरचा राग होता की सरकारी धोरणाचा परिणाम? चर्चा करा.’ उत्तरात काहीच सुटलेलं नव्हतं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारपेठेत जमलेली रयत, सावकारांकडून मागून घेतलेल्या वह्या आणि कर्जरोखे, त्यांची होळी, नगर जिल्ह्यापर्यंत पसरलेलं लोण. मागची कारणंही होती : अमेरिकेतल्या यादवीमुळे वधारलेला कापूस, १८६५ नंतर कोसळलेले भाव, नव्या जमाबंदीत वाढलेला सारा, आटलेलं कर्ज. आणि शेवटी, ‘या सर्व कारणांमुळे दंगे झाले.’

चिठ्ठीत मी लिहिलं : ‘तुझे सात गुण या शेवटच्या वाक्यात गेले. कारणांच्या परिच्छेदांचा क्रम बदलून बघ. कापसाच्या आधी सारा घातला, तरी निबंधाचं काही बिघडत नाही. म्हणजे ही कारणं एकमेकांना धरून नाहीत, नुसती शेजारी उभी आहेत. प्रश्न “सावकार की सरकार” असा आहे आणि तू दोघांचीही नावं घेतलीस; पण त्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे सांगितलं नाहीस.’

मग तिच्याच माहितीतून तो संबंध कसा निघतो, ते दाखवलं. सारा रोख भरायचा असे. कापसाला भाव होता तोवर सावकार सढळ हाताने उचल देत होता. भाव पडले, तशी त्याला वसुलीची खात्री वाटेना आणि त्याने हात आखडला. नेमक्या त्याच सुमारास साऱ्याची मागणी काही ठिकाणी दीडपट, काही ठिकाणी दुपटीपर्यंत गेली. म्हणजे सरकारी मागणीच कुणब्याला सावकाराच्या दारात उभं करत होती आणि तिथे आता नकार मिळत होता. एवढी साखळी मांडली की परिच्छेदांचा क्रम हलवता येत नाही.

दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. ‘लोकांनी कागद का जाळले? तू होळीचं वर्णन सुंदर केलंस, पण तिथेच थांबलीस.’ १८५९च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षं ठरवली होती. व्याज वर्षानुवर्षं साचू नये, हा हेतू. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेई आणि जुनं थकलेलं व्याज नव्या मुद्दलात घाली. भरलेल्या पैशाची पावती मिळत नाही, ही रयतेची तक्रार होतीच. कोर्टात मात्र अंगठा उठवलेला कागद खरा ठरे. म्हणून राग कागदावर निघाला. सावकाराच्या हातातल्या त्या कागदाला जोर होता तो सरकारी कोर्टाचा. इथे ‘सावकार की सरकार’ हा पर्यायच मोडतो आणि उत्तराला स्वतःचं मत मिळतं. पुराव्याला १८७९चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आहे. रोख्यावरचा आकडा तसाच न स्वीकारता मूळ व्यवहार तपासण्याची मुभा त्याने कोर्टांना दिली. तो कायदा निबंधात होता, पण ‘परिणाम’ या मथळ्याखाली एका ओळीत.

परीक्षक म्हणून मला हेच पाहायचं असतं : माहितीच्या प्रत्येक तुकड्यानंतर, तो या प्रश्नाच्या उत्तरात काय भर घालतो, हे सांगणारं वाक्य आहे का? काही मुलं इथे नुसतं ‘म्हणून’ पेरतात. ‘भाव पडले म्हणून दंगे झाले’ यात मधली पायरी गाळलेली आहे. भाव १८६५ नंतर पडले, दंगे १८७५ला झाले. मधली दहा वर्षं त्या ‘म्हणून’मध्ये मावत नाहीत.

चिठ्ठीचा शेवट असा : ‘निबंध पुन्हा लिहू नकोस. नवी माहितीही नको. फक्त होळीचा परिच्छेद घे आणि त्याखाली चार वाक्यं लिही. शिवाय एक बघ. साऱ्याची मागणी हे कारण नव्हतं, दोष सावकारांचा होता, हे तू चौकशी आयोगाच्या अहवालावरून लिहिलंस. तो आयोग सरकारनेच नेमला होता. त्यामुळे अहवाल खोटा ठरत नाही. रयतेच्या तक्रारीही आपल्याला बऱ्याचशा त्याच्यातूनच कळतात. पण सरकारला निर्दोष ठरवणारं त्याचं मत आणि त्यातच नोंदलेल्या रयतेच्या तक्रारी शेजारी ठेवून वाच. दोन्हींचा मेळ कुठे बसत नाही, ते सोमवारी मला सांग.’