नव्या आयफोनमध्ये अब्बांचा आवाज का सापडेना?

चेंबूरच्या आमच्या शेजारच्या खालांना मुलाने कुवेतहून नवा आयफोन पाठवला. फोन त्याने तिथेच सुरू करून, स्वतःचे ॲपल खाते घालून, अगदी तयार करून दिला होता. खालांनी सिम टाकले, व्हॉट्सॲप उघडले, नंबर भरला, कोड आला. पण जुने एकही संभाषण दिसेना. जुना आयफोन तर दुकानात बदली देऊन झाला होता. त्यांच्या मरहूम शौहरांचे आवाजातले निरोप त्या संभाषणांतच होते. "नंबर तोच आहे, मग बॅकअप का सापडत नाही?" हा त्यांचा प्रश्न बरोबर होता.

उत्तर असे की आयफोनवर व्हॉट्सॲपचा बॅकअप नंबराजवळ नसतो. तो फोनवर त्या वेळी चालू असलेल्या ॲपल खात्याच्या आयक्लाउडमध्ये ठेवला जातो. खाते म्हणजे कपाट, नंबर म्हणजे त्यातल्या पेटीवरची चिठ्ठी. नव्या फोनवर मुलाचे कपाट उघडले होते. तिथे खालांच्या नंबराची पेटी कधी ठेवलीच नव्हती. बॅकअप पुसला गेला नव्हता, तो जुन्या खात्यात जागच्या जागी होता. परत आणायला दोन्ही जुळावे लागतात: तोच नंबर आणि तेच ॲपल खाते.

फोनवर कोणते खाते आहे, हे Settings उघडताच सर्वांत वर दिसते. त्या नावावर बोट ठेवले की ई-मेल पत्ता समोर येतो. इथे एक फसगत होते. ॲप उतरवून घेण्यासाठी App Store मध्ये वेगळे खाते चालू शकते. तिथे जुने खाते दिसले म्हणून समाधान मानू नये. बॅकअपसाठी आयक्लाउडचेच खाते मोजले जाते.

खालांच्या जुन्या खात्याचा पासवर्ड डायरीत लिहिलेला होता आणि पडताळणीचा कोड त्यांच्याच नंबरावर येत होता. म्हणून वाट मोकळी होती, पण क्रम महत्त्वाचा होता. व्हॉट्सॲपमध्ये Settings, मग Chats, मग Chat Backup असे जाऊन आधी Auto Backup बंद केले. कारण जुन्या खात्यात शिरल्यावर याच नंबराचा नवा, रिकामा बॅकअप झाला असता, तर त्याने जुन्याची जागा घेतली असती. मग नव्या फोनवर आठवडाभरात आलेली कामाची संभाषणे Export Chat ने बाहेर काढून ठेवली, कारण पुढे ती पुसली जाणार होती.

त्यानंतर मुलाला फोन लावून त्याचा पासवर्ड घेतला, त्याचे खाते Sign Out केले आणि खालांचे खाते घातले. आयक्लाउडच्या साठवणीच्या यादीत व्हॉट्सॲपचे नाव आणि आकार दिसला, तेव्हा जिवात जीव आला. ही खात्री पटल्यावरच व्हॉट्सॲप काढून पुन्हा बसवले, कारण बॅकअप परत आणण्याचा प्रश्न ॲप फक्त नंबर नोंदवताना विचारते. आयक्लाउड ड्राइव्ह चालू असल्याचे आणि फोनमध्ये बॅकअपच्या दुपटीहून थोडी अधिक जागा मोकळी असल्याचेही पाहून घेतले. तोच नंबर भरला, Restore Chat History आले. आधी मजकूर आला. फोटो आणि आवाज वायफायवर हळूहळू उतरत राहिले. अल्हम्दुलिल्लाह, संध्याकाळपर्यंत तो आवाज घरात पुन्हा ऐकू आला.

पण शेवटचा बॅकअप ज्या तारखेचा, तिथपर्यंतचेच परत येते. जुना फोन बदली देण्याआधीच्या चार दिवसांचे निरोप खालांना मिळाले नाहीत. बॅकअपला वेगळा पासवर्ड लावला असेल आणि तो विसरला, तर खाते जुळूनही पेटी उघडत नाही. आणि एका खात्यातला बॅकअप दुसऱ्या खात्यात हलवण्याची सोय नाही.

जुना फोन अजून हाती असेल, तर एवढा खटाटोप नको. त्याच्या व्हॉट्सॲपमध्ये Settings, Chats, मग Transfer Chats to iPhone निवडावे, नव्या फोनवर तोच नंबर नोंदवावा आणि तिथे दिसणारा चौकोनी कोड जुन्या फोनने टिपावा. संभाषणे एका फोनमधून थेट दुसऱ्यात जातात, आयक्लाउडचे खाते मध्ये येत नाही. म्हणून हे काम होईपर्यंत जुना फोन विकू नये, पुसू नये.

मुलगा परदेशातून फोन पाठवणार असेल, तर त्याला सांगा, डब्बा बंदच ठेव. आपले खाते आम्ही इथे घालू. एकाच खात्यावर आई आणि मुलगा राहिले, तर त्याचे फोटो आणि नंबर आईच्या फोनवर उतरू लागतात. ॲपलच्या Family Sharing मध्ये घरचे सहा जण आपापले खाते ठेवून एकत्र राहू शकतात. खालांनी आता आपल्या खात्याचा ई-मेल आणि पासवर्ड डायरीत नव्याने, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे.